हे, मीम, दाल



आपण ज्या अचलपुरात जमलो आहोत ती इमादशाहीची राजधानी. 1490 च्या सुमारास फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कानं ही शाही स्थापन केली. यातला ‘इमाद’ उर्दूत चार अक्षरांत लिहितात: ऐन, मीम, अलिफ, दाल. ‘मा’ अलिफमुळे दिसतो. पण सुरुवातीच्या ऐनवर जबर आहे, म्हणजे अ, जेर आहे, म्हणजे इ, की पेश, म्हणजे उ, हे कागद सांगत नाही. अमाद, इमाद, उमाद असं काहीही वाचता येईल. इमाद म्हणजे खांब, आधार, हे ज्याला ठाऊक आहे तोच बिनचूक वाचतो.

यावरून आपण पटकन म्हणतो, ‘उर्दूत स्वरच लिहीत नाहीत, मग मराठीत घोळ होणारच.’ मला हे मान्य नाही. उर्दू ऱ्हस्व स्वर गाळते. दीर्घ स्वर बहुतेक लिहिते. मराठीतला निम्मा घोळ त्या लिहिलेल्या स्वरांकडे आपण न पाहिल्यामुळे झाला आहे.

उर्दू कागदांचं मराठी करण्यात माझं आयुष्य गेलं. एकदा वारस नोंदीसाठी एक कुटुंब माझ्याकडे आलं. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर ‘हमिद’, शाळेच्या दाखल्यात ‘हमीद’ आणि नातवानं केलेल्या अर्जात ‘हामीद’. तिघं एकच का, असा प्रश्न. मी निकाहनामा मागितला. त्यात होतं बडी हे, अलिफ, मीम, दाल. हेनंतर अलिफ, म्हणजे ‘हा’. मीमनंतर ये नाही, म्हणजे ‘मि’ ऱ्हस्व. माणूस ‘हामिद’ होता. तीनही कागद चुकले होते.

हमीद हे वेगळं नाव आहे. त्याची अक्षरं हे, मीम, ये, दाल. हामिद म्हणजे स्तुती करणारा, हमीद म्हणजे स्तुतीला पात्र. दोन्ही एकाच धातूतून आली: हे, मीम, दाल. अहमद, महमूद, मुहम्मद हीसुद्धा त्याच घरातली. अशा जोड्या आपल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत आहेत: माजिद-मजीद, राशिद-रशीद, नासिर-नसीर, कादिर-कदीर. पहिल्यात अलिफ पुढे येतो, दुसऱ्यात ये मागे.

मग गफलत कुठे झाली? एक तर नाव रोमनमधून आलं. एच-ए-एम-आय-डी या पाच अक्षरांतून हामिद आणि हमीद दोन्ही निघतात. उर्दूनं जपलेला फरक तिथे पुसला जातो. दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार दीर्घ, हा आपला नियम. त्यानुसार वकील, गरीब बरोबर; तिथे मुळातही ये आहे. पण ‘जालिम’चा आपण ‘जालीम’ केला आणि त्याच वळणानं ‘आरिफ’चा आरीफ, ‘खालिद’चा खालीद. शब्दाच्या बाबतीत मराठीला तो हक्क आहेच. तत्सम शब्दांना मात्र आपण या नियमातून सूट देतो. माणसाच्या नावालाही तीच सूट द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरोखर अवघड जागा. ‘मुहम्मद’मध्ये मीम, हे, मीम, दाल एवढंच, पेश नाही, दुसऱ्या मीमवरची तश्दीदही नाही. मराठीत महंमद, महमद, मुहम्मद, मोहम्मद सगळं सापडतं. त्यातला ‘मो’ चुकून आलेला नाही. उर्दू बोलण्यात ‘ह’च्या आधीचा उ ओकडे झुकतो, जसा मोहल्ला. तसाच ‘ह’च्या आधीचा अ एकडे झुकतो. म्हणून महबूबचा मेहबूब होतो. आपल्या गावातल्या दर्ग्याचं नाव घेताना कोणी ‘रहमान’ म्हणतो, कोणी ‘रेहमान’. गंमत अशी की ‘रहमान’मधला दीर्घ आ लिहायचा अलिफ अनेकदा लिहीतच नाहीत, रे, हे, मीम, नून एवढ्यावर भागतं. तरी तिथे कोणी चुकत नाही, कारण कान ओळखतो. जे लिहिलेलं नाही ते बरोबर आणि जे लिहिलं आहे ते चूक, असं हे उलटं चित्र आहे.

काही ठिकाणी अक्षरं सोडवतच नाहीत. हे, सीन, ये, नून म्हणजे हुसैन आणि हसीनही. शेजारी ‘गुलाम’ असेल तर हुसैन वाचावं, नाहीतर घरच्यांना विचारावं. ज आणि झचा वाद मी इथे काढत नाही. मराठी ‘ज’ला दोन उच्चार असल्यानं तो वेगळा विषय आहे.

तेव्हा नाव मराठीत उतरवताना रोमन बाजूला ठेवा. उर्दू लिहिता येणारं कोणीतरी बहुधा घरात असतं. त्याला विचारा: पहिल्या अक्षरानंतर अलिफ आहे का? शेवटच्या अक्षराआधी ये आहे का? मोहम्मद की मुहम्मद, हे मात्र त्या माणसाच्या सहीवरून ठरवा. एखादं घर तीन पिढ्या ‘माजीद’ लिहीत असेल तर त्यांचे कागद आता बदलायला लावू नका. इतिहासाच्या पुस्तकात आणि दफ्तराच्या भाषांतरात मात्र अलिफ-ये पाहूनच लिहा.

त्या कुटुंबाला मी निकाहनाम्याचं भाषांतर करून दिलं. खाली चार अक्षरं सुटी करून त्यांची नावं लिहिली आणि सातबारा, दाखला, अर्ज यांतलं नाव कोणत्या अक्षराशी चुकलं ते एकेका ओळीत मांडलं. नातवानं ती चार अक्षरं बोटानं मोजली आणि कागदाच्या कोपऱ्यात, आजोबांच्या हयातीत मराठीत कोणी न लिहिलेलं, ‘हामिद’ लिहिलं.