नकाशात पलंग मांडून पाहा

मोहर्लीहून चंद्रपूरला दोन बेडरूमचा फ्लॅट बघायला निघालात?
मग आधी नकाशात पलंग मांडून पाहा.

समजा, एक बेडरूम 10 फूट रुंद आहे.
पलंग 5 फुटांचा.
कपाटाची खोली 2 फूट.

नकाशात पलंग बहुधा मधोमध काढतात.
दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात.
एका बाजूला कपाट ठेवलं,
की उरतो फक्त अर्धा फूट.
कपाटाचं दार उघडणारच नाही!

आता पलंग कपाटासमोरच्या भिंतीला लावा.
मध्ये 3 फूट वाट मिळते.
दारही उघडतं, माणूसही उभा राहतो.
मात्र भिंतीकडे झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागेल.
घरात वयस्कर मंडळी असतील, तर हे आधीच ठरवा.

नकाशात दारापाशी एक कमान दिसते.
ती दाराच्या पल्ल्याची फिरण्याची जागा.
तिथं काहीही ठेवू नका.
कपाट तर नाहीच.

आणि आपल्याकडचा उन्हाळा!
कूलरची खिडकी पलंगामागे अडकत नाही ना, तेही बघा.

नकाशाच्याच मापात कागदाचा पलंग कापा.
कपाटही कापा.
सरकवून पाहा.
बसलं, तरच बयाणा द्या.