उंबऱ्यावरच सांगितलेलं बरं

(महासंघाच्या मेळाव्यात घरगुती मुक्काम आणि जेवणाची सोय करणाऱ्या गटांपुढे झालेलं भाषण)



सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या ताया आज आल्यात. आपल्यापैकी बऱ्याच जणींकडे परदेशी पाहुणे येतात. पिठलं-भाकरी आपण झकास करतो. पण पाहुणे म्हणतात, "आता देऊळ बघायचं," तिथं आपली गडबड होते. म्हणून आज एवढंच बोलते, की देवळात नेण्याआधी त्यांना काय सांगायचं, आणि कधी सांगायचं.

आधी माझी चूक सांगते. पहिल्यांदा आठ पाहुणे आले. मी त्यांना वाईला ढोल्या गणपतीला घेऊन गेले. घरी काहीच सांगितलं नाही, म्हटलं तिथं गेल्यावर बघू. दारात पोचलो आणि सगळे बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसले. मागं दर्शनाची गर्दी खोळंबली. दोघांनी बूट काढले, पण चोरीला जातील म्हणून हातात धरून आत निघाले. एका आजोबांनी जोरात हटकलं. एका बाईंच्या अंगात बिनबाह्यांचं होतं, खाली आखूड चड्डी. त्यांना कोणी काही बोललं नाही, पण सगळे बघायला लागले. त्यांच्या ते ध्यानात आलं आणि त्या बाहेरच थांबल्या. सात हजार किलोमीटरवरून आलेली बाई दारातून परत फिरली. दोष त्यांचा नव्हता. मी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी तीन वेळा सांगते. कपड्यांचं आदल्या रात्री, चपलांचं सकाळी घरच्या उंबऱ्यावर, आणि आतल्या वागण्याचं देवळाबाहेर सावलीत उभं राहून.

कपड्यांचं रात्री का? सकाळी बॅग भरून गाडीत गेलेली असते, मग बदलणार कधी? सांगायचं एवढंच: खांदे झाकलेले आणि गुडघे झाकलेले. बाई असो की बाप्या, नियम एकच. फक्त बायकांना सांगाल तर त्यांना ते टोचतं, आणि बरोबरच आहे. तरी कोणी विसरतंच. म्हणून मी दोन ओढण्या आणि दोन सुती लुंग्या धुऊन पिशवीत ठेवते. लुंगी आखूड चड्डीवरून गुंडाळली की काम झालं. कातडी पट्टा आणि पाकीट काही देवळांत चालत नाही, ते आधी चौकशी करून सांगा. डोकं झाकायचं का, असंही विचारतात, कारण अमृतसरला किंवा नांदेडला गुरुद्वारात त्यांनी रुमाल बांधलेला असतो. आपल्याकडं सक्ती नाही म्हणून सांगा. आपण पदर घेतो ती आपली रीत. उन्हाची टोपी मात्र काढायला सांगते. चर्चमध्ये पुरुष टोपी काढतात, त्यामुळं ते त्यांना लगेच पटतं.

आता चपला. त्यांच्या चर्चमध्ये बूट घालूनच जातात, त्यामुळं बुटात काय वाईट आहे हे त्यांना कळत नाही. लांबलचक कारण देत बसू नका. आपल्या घराच्या उंबऱ्याकडं बोट दाखवा. आमच्या घरात तुम्ही चपला काढून आलात, देऊळ हे देवाचं घर, बस्स. मग पुढचं सांगा. नाडीचे बूट नकोत, पटकन निघणारी चप्पल घाला. ती शक्यतो गाडीतच काढा, नाहीतर बाहेर ठेवायच्या जागी ठेवा. हातात धरून किंवा पिशवीत घालून आत न्यायची नाही.

इथं एक गोष्ट आपल्याला कळत नाही, कारण आपल्या पायांना सवय आहे. त्यांचे तळवे मऊ असतात. वाईचा घाट आणि फरशी काळ्या दगडाची, दुपारी बारा वाजता ती तव्यासारखी तापते. म्हणून नऊच्या आत दर्शन उरकायचं. पावसाळ्यात उलटं, पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मोजे चालतील का, असं विचारतील. ओल्या दगडावर मोज्यानं पाय जास्त घसरतो, म्हणून मी काढायलाच सांगते. पाय पुसायला एक जुना टॉवेल गाडीत ठेवा. पायाला जखम असेल किंवा वयामुळं अनवाणी चालवत नसेल, तर बळजबरी करू नका. बाहेरूनही देऊळ दाखवता येतं. ढोल्या गणपतीच्या गाभाऱ्याची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून. हे देऊळ रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. ती भिंत बाहेरून बघूनच पाहुणे खूश होतात.

आता आतलं. खूप सांगितलं तर काहीच लक्षात राहत नाही, म्हणून चारच गोष्टी. एक, बसलात तर पाय देवाकडं पसरू नका, मांडी घाला. दोन, प्रसाद उजव्या हातात घ्या. तीन, फोटो पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय नाही, आणि हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचा तर नाहीच. चार, तीर्थ. ते नको म्हणायला संकोचतात आणि पिऊन टाकतात. त्यांच्या पोटाला आपलं पाणी सोसेलच असं नाही. तळहातावर घ्या आणि डोळ्यांना, डोक्याला लावा, म्हणजे मानही राहतो आणि पोटही. हे सांगितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडतो.

शेजारीच काशी विश्वेश्वर आहे. तिथं एक गोष्ट वेगळी. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं, ती ओलांडायची नाही. हे तोंडी सांगून कळत नाही. मी पुढं चालते, ते मागं येतात. गणपतीला पूर्ण फेरी, महादेवाला अर्धी, हा फरक त्यांना फार आवडतो.

औदुंबरकडच्या तायांनी एक लक्षात ठेवा. जिथं गाभाऱ्यात सोवळ्यातच जातात, तिथं पाहुण्यांना आधीच सांगा की आतपर्यंत आमचीही सगळी माणसं जात नाहीत. नाहीतर त्यांना वाटतं आपण परके म्हणून अडवलं. ओडिशातल्या पुरीच्या जगन्नाथ मंदिरात हिंदूंशिवाय कोणाला सोडत नाहीत, हे त्यांनी वाचलेलं असतं. म्हणून नव्या देवळात न्यायच्या आधी आपण स्वतः जाऊन पुजाऱ्यांना विचारून या.

आणि एक नाजूक प्रश्न. पाहुण्या बायका हळूच विचारतात, पाळी असेल तर? आपण होऊन कोणाला विचारायचं नाही. त्यांनी विचारलं तर खरं सांगा: आमच्यात काही घरं पाळतात, काही पाळत नाहीत, तुम्ही तुमचं ठरवा. खोटी भीती घालू नका. कशाचं कारण माहीत नसलं तर "आमची रीत आहे" म्हणा. मनानं शास्त्र रचून सांगू नका, ते पुढं चार जणांना तेच सांगतात.

त्या बाहेर थांबलेल्या बाई दुसऱ्या दिवशी परत वाईला आल्या, माझी ओढणी घेऊन. बाप्पापुढं दहा मिनिटं मांडी घालून गप्प बसल्या. जाताना ओढणी परत देत होत्या, मी म्हटलं ठेवा. म्हणून आता पिशवीत दोन ठेवते.