तोट्याचा शेअर विकताना
(सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

चेअरमनसाहेबांनी मला 'पैशाविषयी काहीतरी बोला' असं सांगितलं. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला असं मोकळं सोडणं धोक्याचं असतं, म्हणून मी स्वतःच एक छोटा विषय बांधून घेतला आहे. तोट्यातला शेअर विकून नफ्यावरचा टॅक्स कमी करणे. इंग्रजीत याला टॅक्स लॉस हार्वेस्टिंग म्हणतात. तोट्याची कापणी! शेतकऱ्याला हे ऐकवलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर बाजार शिखरावर होता. तिथून जो घसरला तो २०२५ च्या मार्चपर्यंत. त्या मार्चमध्ये खालच्या कट्ट्यावर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये लाल आकडे होते आणि प्रत्येकाला कुणीतरी सांगत होतं, 'तोटा बुक करा, टॅक्स वाचेल.'

आपल्याच बिल्डिंगमधल्या एका स्नेह्यांचं उदाहरण घेऊ. आकडे सोपे केले आहेत. त्यांनी वर्षाच्या आत घेतलेला-विकलेला एक शेअर होता, त्यात दोन लाख नफा झाला. हा अल्पमुदतीचा नफा. २३ जुलै २०२४ पासून त्यावर वीस टक्के टॅक्स, म्हणजे चाळीस हजार, सेस वेगळा. त्यांच्याकडे दुसरा एक शेअर होता, तोही वर्षाच्या आतला, दीड लाख तोट्यात. तो त्यांनी ३१ मार्चच्या आत विकला. दोन लाखांतून दीड लाख वजा, उरले पन्नास हजार, टॅक्स दहा हजार. तीस हजार वाचले.

आता यातली गोम. कंपनी चांगली वाटत होती म्हणून त्यांनी तोच शेअर दुसऱ्या दिवशी परत घेतला. म्हणजे त्यांची खरेदीची किंमत आता खाली आली. उद्या तो शेअर जुन्या भावाला परत गेला, तर तो दीड लाख नफा म्हणून पुन्हा उभा राहणार. टॅक्स माफ झाला नाही, पुढे ढकलला गेला. शिवाय मुदत नव्याने मोजायची. वर्षभर धरून विकला तर दीर्घमुदतीचा नफा, सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही, त्यावर साडेबारा टक्के. तेव्हा फायदा पक्का. पण अकराव्या महिन्यात घाई केली तर पुन्हा वीस टक्केच.

परत खरेदी दुसऱ्या दिवशी का? त्याच दिवशी का नाही? कारण सकाळी विकून दुपारी त्याच एक्स्चेंजवर तेवढेच शेअर घेतले, तर दोन्ही सौदे एकमेकांत फिटतात. तुमच्या डीमॅट खात्यातून शेअर बाहेर जातच नाहीत. सकाळ-दुपारच्या भावातला जो काही रुपया-दोन रुपयांचा फरक तेवढाच हिशोबात येतो, तोही सट्ट्याचा म्हणून. दीड लाखांचा तोटा होता तिथेच राहतो. हे झालं आहे की नाही ते ओळखणं सोपं आहे. डीमॅटचं स्टेटमेंट काढा आणि शेअर गेल्याची नोंद आहे का ते बघा. एका रात्रीत भाव वर जाऊ शकतो, हा धोका मात्र पत्करावा लागतो.

अमेरिकेत असलेली मुलं फोनवर सांगतात, 'बाबा, तीस दिवस थांबा.' ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. तिथे विक्रीच्या आधी किंवा नंतर तीस दिवसांत तोच शेअर घेतला तर तोटा धरत नाहीत. आपल्याकडे शेअरना असा तीस दिवसांचा नियम नाही.

आता माझी स्वतःची फजिती. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली आणि स्वतःच्या घरी चुकलो. एका कंपनीचे पाचशे शेअर मी २०१९ मध्ये १२० रुपयांनी घेतले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये तेजीच्या भरात आणखी पाचशे घेतले, ३०० रुपयांनी. मार्चमध्ये भाव आला २००. ॲपवर सरासरी किंमत २१० दिसत होती आणि आकडा लाल. मी विचार केला, सप्टेंबरवाले पाचशे विकू, शंभर रुपयांप्रमाणे पन्नास हजार तोटा हातात येईल. विकले. पण टॅक्सच्या हिशोबात ती सरासरी चालत नाही आणि 'मी हे विकले, ते नाही' असं म्हणताही येत नाही. डीमॅट खात्यात जे आधी आले ते आधी गेले, असं धरतात. म्हणजे गेले माझे २०१९ चे शेअर. १२० चे २०० झाले, चाळीस हजार नफा! तोटा कापायला गेलो आणि नफा कापून आणला. सीएने रिटर्न भरताना दाखवलं तेव्हा कळलं. हजारच्या हजार विकले असते तर चाळीस हजार दीर्घमुदतीचा नफा आणि पन्नास हजार अल्पमुदतीचा तोटा, असे दोन्ही आले असते. हा क्रम खात्यागणिक मोजतात, म्हणून आता नवी खरेदी मी दुसऱ्या डीमॅट खात्यात ठेवतो. सौ. म्हणाली, 'आधीच विचारायचं होतं.' कुणाला, ते नाही सांगितलं.

कुठला तोटा कुठे वळतो, तेवढं नीट पाहा. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून. आणि पेन्शन किंवा एफडीच्या व्याजातून यातला कुठलाच वजा होत नाही. हा प्रश्न मला जिन्यात निदान चौघांनी विचारला आहे.

दुसरं, सव्वा लाखाची सवलत. समजा शेअरमधला दीर्घमुदतीचा नफा वर्षात एक लाख दहा हजार आहे. टॅक्स शून्यच आहे. तरी कुणाचं ऐकून तुम्ही ऐंशी हजारांचा दीर्घमुदतीचा तोटा बुक केलात, तर तो आधी नफ्यातून वजा होतो, सवलत नंतर बघतात. 'हा तोटा मी पुढच्या वर्षासाठी ठेवतो' म्हणायची सोय नाही. ऐंशी हजारांचा तोटा फुकट गेला. अशा वर्षी हात न लावलेला बरा.

वजा होऊन उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न ठरलेल्या मुदतीत भरलं तरच. उशिरा भरलं की तो हक्क जातो. आणि तो आयटीआर-वनमध्ये बसत नाही. आपल्यासारख्या पेन्शनरांना आयटीआर-टू घ्यावा लागतो.

विकायला उशीर करू नका, याची दोन कारणं. २०२५ मध्ये ३० मार्चला रविवारी पाडवा होता, ३१ ला ईदमुळे बाजार बंद. शेवटचा दिवस शुक्रवार २८ तारीख. सोमवारी विकू म्हणून बसलेले गुढी उतरवून बघतात तर बाजार बंद! दुसरं कारण जास्त वाईट. डीएचएफएलचा शेअर अनेकांनी 'वर येईल' म्हणून धरून ठेवला होता. जून २०२१ मध्ये कंपनीची योजना मंजूर झाली, शेअर बाजारातून निघाला आणि भागधारकांच्या हाती काही आलं नाही. बाजारात चालू असताना तो कवडीमोल भावाला विकला असता, तरी तोटा कागदावर आला असता. नंतर विकायला गिऱ्हाईकच नाही, आणि विक्री नाही तर तोटा मांडणंही अवघड.

म्हणून मी आता फेब्रुवारीतच बसतो. ब्रोकरकडून वर्षाचं नफा-तोट्याचं स्टेटमेंट काढतो, कुठला शेअर किती तारखेला घेतला ते वहीत लिहितो, आणि मग सीएला फोन. विकण्याच्या आधी.