घर दोघांच्या नावावर

बेळगाव-निपाणी भागात घर किंवा सदनिका घेताना पती-पत्नी या दोघांची नावे खरेदीपत्रावर घालण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. मात्र ती का घालावीत, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी ‘करात सवलत मिळते’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर काही वर्षांपूर्वीपर्यंत पुष्कळ अंशी बरोबर होते. आज ते बहुसंख्य नोकरदार कुटुंबांना लागू पडत नाही. दोघांच्या नावाचे खरे महत्त्व मालकीहक्कात आहे आणि त्याच बाजूकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

आधी कराची बाजू पाहू. उद्यमबागेतील कारखान्यात वर्षाला 11 लाख रुपये पगार असलेला पती आणि 7 लाख रुपये पगार असलेली शिक्षिका पत्नी यांनी टिळकवाडीत सदनिका घेतली आणि तिच्यासाठी दोघांनी मिळून 40 लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी काढले, असे उदाहरणादाखल धरू. महिन्याचा हप्ता सुमारे 34,700 रुपये येतो आणि पहिल्या वर्षी त्यातील सुमारे 3 लाख 37 हजार रुपये व्याजापोटी, तर सुमारे 80 हजार रुपये मुद्दलापोटी जातात. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वगळता येणारी रक्कम, प्रत्येक सहमालकाला वर्षाला जास्तीत जास्त 2 लाख रुपये मिळते. घर आणि कर्ज एकट्या पतीच्या नावावर असते तर 1 लाख 37 हजार रुपये व्याज वजावटीविना राहिले असते. दोघांत निम्मे-निम्मे वाटले की सगळे व्याज वजावटीत बसते. मुद्दलाची वजावट भविष्य निर्वाह निधी, विमा इत्यादींसह एकूण दीड लाखाच्या मर्यादेत येते आणि ही मर्यादाही प्रत्येकाला स्वतंत्र असते. यासाठी तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: व्यक्तीचे नाव खरेदीपत्रावर मालक म्हणून असावे, कर्जाच्या करारावर कर्जदार म्हणून असावे आणि हप्त्याचा पैसा तिच्या स्वतःच्या उत्पन्नातून गेल्याचे बँक खात्यावरून दिसावे. यांतील एक जरी तुटली तरी त्या व्यक्तीचा दावा टिकत नाही.

मात्र हा सगळा हिशेब जुन्या करपद्धतीचा आहे. नवी पद्धत आता मूळ पद्धत मानली जाते. तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची किंवा मुद्दलाची वजावट मिळत नाही, पण 2025-26 या आर्थिक वर्षापासून 12 लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही आणि पगारदाराला 75 हजार रुपयांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. वरील दांपत्याने जुनी पद्धत निवडली, व्याज निम्मे-निम्मे दाखवले आणि दीड लाखाची मर्यादा पूर्ण वापरली, तरी पतीला सुमारे 61 हजार रुपये कर भरावा लागेल. नव्या पद्धतीत दोघांचाही कर शून्य होतो. अशा कुटुंबाला केवळ करासाठी संयुक्त कर्ज घ्या, असा सल्ला देणे चुकीचे आहे. घर भाड्याने दिलेले असेल तर नव्या पद्धतीतही भाड्यातून व्याज वजा करता येते आणि सहमालकांचे हिस्से निश्चित असतील तर भाडे व व्याज दोन्ही त्या हिश्श्यांप्रमाणे वाटले जातात. पण त्यातून होणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

मालकीची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा परिणाम कराच्या वर्षाबरोबर संपत नाही. चोर्ला घाटापलीकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेमुळे, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नींच्या मालमत्तेत दोघांचा सामाईक हक्क मानला जातो. घाटाच्या अलीकडे, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही, असा नियम नाही. पत्नीने वीस वर्षे संसार केला, तिच्या पगारातून घरखर्च चालला आणि पतीचा पगार हप्त्यात गेला, तरी खरेदीपत्रावर नाव नसेल तर ती मालक होत नाही. निपाणीचे जे रहिवासी कोल्हापुरात घर घेतात त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की महाराष्ट्रातील मुद्रांक शुल्काची एक टक्क्याची सवलत केवळ स्त्रीच्याच नावावर होणाऱ्या खरेदीला आहे, पती-पत्नीच्या संयुक्त खरेदीला नाही.

पतीचा मृत्युपत्र न करता मृत्यू झाला तर काय होते, हे पाहिल्यावर फरक स्पष्ट होतो. बँकेच्या संयुक्त खात्याप्रमाणे मागे राहणाऱ्याला सर्व घर मिळते, हा समज चुकीचा आहे; मृताचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 प्रमाणे पत्नी, दोन मुले आणि पतीची आई मागे असतील तर त्याच्या हिश्श्याचे चार समान भाग होतात. घर एकट्या पतीच्या नावावर असल्यास पत्नीला एक चतुर्थांश मिळतो. निम्मा हिस्सा आधीच तिच्या नावावर असल्यास तिच्याकडे आठापैकी पाच भाग राहतात. सासूच्या वाट्याला आलेला भाग तिच्या पश्चात तिच्या इतर मुलांकडेही जातो आणि अज्ञान मुलाचा हिस्सा विकण्यासाठी आईला न्यायालयाची परवानगी लागते. घर विकायची वेळ येते तेव्हा तंटा बहुधा येथूनच सुरू होतो, म्हणून संयुक्त खरेदीबरोबर दोघांनी मृत्युपत्रही करावे.

हिस्से न लिहिता नुसती दोन नावे घालणे ही नेहमीची चूक होय. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 प्रमाणे दोघांनी वेगवेगळा पैसा घातला असेल तर हिस्से त्या रकमांच्या प्रमाणात मानले जातात आणि पुरावा नसेल तेव्हाच ते समान धरले जातात. म्हणून ‘निम्मा-निम्मा’ किंवा ‘साठ-चाळीस’ हे शब्द खरेदीपत्रातच असावेत आणि हप्तेही त्याच प्रमाणात दोन खात्यांतून जावेत. सहकर्जदार होताना हेही समजून घ्यावे, की हिस्सा कितीही असला तरी बँक संपूर्ण कर्ज दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकते.

नाव नंतर घालू, असे म्हणून टाळलेले काम पुढे अवघड होते. महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या खात्यावर पत्नीचे नाव चढवले म्हणजे ती मालक झाली, असे होत नाही, कारण खाता हा करवसुलीसाठीचा दाखला आहे. मालकीसाठी नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे लागते आणि कर्ज चालू असेल तर बँकेची संमतीही लागते. शिवाय पतीने मोबदल्याविना पत्नीला दिलेल्या हिश्श्याबाबत प्राप्तिकराच्या दृष्टीने पतीच मालक मानला जातो, म्हणजे तिला हक्क मिळतो, पण कराची विभागणी होत नाही.

या भागातील खरेदीपत्रे पुष्कळदा कन्नडमध्ये तयार होतात आणि लग्नानंतर बदललेले पत्नीचे नाव आधार, पॅन व बँकेच्या कागदांवर निरनिराळे असू शकते. उपनोंदणी कार्यालयात सही करण्यापूर्वी पत्नीचे नाव, हिश्श्याचे वाक्य आणि कोणी किती रक्कम दिली तो मजकूर जाणकाराकडून मराठीत वाचवून घ्यावा आणि पत्नी त्या वाचनाला स्वतः हजर असावी.