सातव्या महिन्यापासून कुशीवर का झोपायचं?

सातवा महिना लागला की डॉक्टर सांगतात, आशाताईही घरी येऊन सांगतात, "आता उताणं झोपू नका." दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तिथेही हेच कानावर पडतं. पण तपासणीच्या गर्दीत त्यामागचं कारण सांगायचं राहून जातं, आणि कारण कळलं नाही की सल्ल्याची एक तर भीती बसते, नाही तर तो विसरला जातो.

हे कारण सोनोग्राफीच्या टेबलावर कधी कधी डोळ्यांना दिसतं. आठव्या-नवव्या महिन्यातली बाई उताणी झोपलेली असते. थोड्याच वेळात तिला घाम फुटतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबतची सासू म्हणते, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना, म्हणून." पण डॉक्टर तिला आधी कुशीवर वळवतात आणि एक-दोन मिनिटांत तिचा चेहरा पूर्ववत होतो. पाय आणि कमरेकडचं रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी शीर, म्हणजे महाशिरा, पाठीच्या कण्याला लागून थोडी उजव्या अंगाला असते. तिची भिंत पातळ आणि मऊ. बाई उताणी झाली की बाळ, पाणी आणि वार यांच्यासह गर्भाशयाचं सगळं वजन तिच्यावर येतं आणि ती कण्यावर दाबली जाते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या संशोधकांनी शेवटच्या महिन्यांतल्या निरोगी बायांचं एमआरआय काढून हे मोजलं. डाव्या कुशीच्या तुलनेत उताण्या स्थितीत महाशिरेच्या सुरुवातीचा प्रवाह सुमारे ८५ टक्क्यांनी घटला होता आणि हृदय दर मिनिटाला बाहेर टाकतं ते रक्त सुमारे १६ टक्क्यांनी.

"मला तर उताणं झोपून कधी चक्कर आली नाही," असं बहुतेक बाया म्हणतील, आणि ते खरंही आहे. महाशिरा दबली की कण्याजवळच्या लहान शिरांतून रक्त आडवाटेने हृदयाकडे जातं. शिवाय शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सांभाळून घेतं. म्हणून दंडावर मोजलेलं बीपी बरोबर येतं, पण त्यावरून गर्भाशयाला रक्त पुरेसं मिळतंय असं ठरत नाही. खालच्या शिरांत रक्त तुंबलं की वारेतून ते पुढे सरकायला जोर कमी पडतो. धडधाकट बाळ एवढी तूट सोसतं. पण ज्याची वाढ आधीच खुंटली आहे किंवा ज्याची वार नीट काम करत नाही, त्याच्याजवळ शिल्लक थोडी असते.

पुरावा किती पक्का, तेही सांगायला हवं. २०१९ साली न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या पाच अभ्यासांची माहिती एकत्र तपासली गेली. २८ आठवड्यांनंतर रात्री उताणं झोपी जाणाऱ्यांमध्ये बाळ पोटातच दगावण्याची शक्यता सुमारे अडीच पट दिसली. त्यावर आक्षेप असा, की बाळ गमावलेल्या आईला झोपेची स्थिती नंतर विचारली, तर आठवणीत दुःख मिसळणारच. आक्षेप रास्त आहे. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात बायांना आधीच विचारून ठेवलं होतं आणि त्यात फरक आढळला नाही. मात्र तो अभ्यास ३० आठवड्यांपर्यंतच्याच झोपेचा होता. दाब खरा वाढतो तो त्यानंतर. मोजलेला रक्तप्रवाह आणि त्या पाच अभ्यासांचे आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात आणि कूस बदलायला खर्च काहीच नाही, म्हणून सल्ला पाळावा असं माझं मत आहे. मूळ धोका थोडाच आहे, त्यामुळे उताणं झोपलेल्या बहुतेक बायांची बाळं सुखरूप जन्मतात. "आम्हाला कुठे काय झालं?" हा आपल्या आज्या-पणज्यांचा अनुभव यात बसतो.

डावीच कूस हवी, हा आग्रह मात्र सोडावा. महाशिरा उजवीकडे असल्याने डावी कूस थोडी सरस ठरते, पण त्या पाच अभ्यासांत दोन्ही कुशींत फरक निघाला नाही. एकाच अंगावर रात्र काढून खांदा आणि कंबर धरते, मग बाई थकून उताणी होते. घरोघरी सांगतात की झोपेत कूस बदलली तर बाळाला नाळेचा वेढा बसतो, म्हणून उठून बसून मग वळायचं. वेढा बाळाच्या स्वतःच्या हालचालींनी बसतो, आईच्या कूस बदलण्याने नाही. झोपल्या झोपल्या खुशाल वळा. पाठीमागे गोधडीची गुंडाळी किंवा उशी लावा, म्हणजे झोपेतही पूर्ण उताणं व्हायला होत नाही. मध्यरात्री जाग आली आणि तुम्ही उताण्या असाल तर घाबरू नका, कुशीवर वळा आणि झोपा. दुपारच्या डुलकीलाही हेच लागू.

आणि बाळाचं फिरणं नेहमीपेक्षा कमी वाटलं, तर डाव्या कुशीवर पडून सकाळ व्हायची वाट पाहू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.