द्राक्षमळ्यातील मूल आणि नर्सबाईंची नोंदवही



प्राथमिक आरोग्य सेवा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दवाखान्याची इमारत उभी राहते. परंतु ही सेवा प्रत्यक्ष घरापर्यंत नेते ती उपकेंद्राची परिचारिका. सपाट भागात सुमारे ५,००० लोकांमागे एक, तर डोंगरी व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. नोंदवही गावाप्रमाणे ठेवली जाते, आणि नेमकी येथेच आपल्या नाशिक जिल्ह्यात अडचण येते, कारण माणसे एका गावात राहत नाहीत.

सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर एप्रिलअखेर जन्मलेले मूल घ्या. गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे जानेवारीअखेर यायचा. पण दिवाळीनंतर आईबाप निफाड-दिंडोरीकडे द्राक्षमळ्यात मजुरीला गेलेले असतात. पाड्याच्या वहीत शेरा पडतो, ‘बाहेरगावी’. निफाडच्या वहीत तर हे कुटुंबच नसते. मूल दोन्ही याद्यांमधून निसटते आणि कागदावर कोणाचेच काम अपुरे दिसत नाही! २०२२ साली मुंबई, भिवंडीबरोबर आपल्या मालेगावातही गोवराची साथ आली होती. लस चुकलेली मुले एका जागी साठली की हा रोग डोके वर काढतो.

मळ्यावर लसीकरण करायचे तर वेळ पाहावी लागते. सकाळी आईबाप वेलींवर कामाला असतात आणि लहानग्याला त्याची बहीण सांभाळते. तिला वय सांगता येत नाही. म्हणून एक फेरी संध्याकाळी, केवळ मुले मोजण्यासाठी करावी, आणि लसीची वेळ मजूर व मालक दोघांनाही आधी सांगावी.

दुसरी अडचण कुपीची. ही लस पावडरीच्या रूपात असते. द्रावण मिसळल्यावर ती थंड ठेवूनही चार तासांत संपवावी लागते, नंतर टाकून द्यावी लागते. तीत जंतुरोधक नसल्याने उशिरा टोचल्यास बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून कुपी फोडल्याची वेळ तिच्यावर लिहितात. मग मळ्यावर एकच मूल सापडले, तर पाच-दहा डोसांची कुपी फोडावी काय? आमच्या मते जरूर फोडावी. उरलेली लस वाया गेली तरी चालेल. ते मूल पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मळ्यावर गेलेले असेल.

कार्ड नसेल आणि डोसाचा पुरावा नसेल, तर डोस झालेला नाही असे धरून लस द्यावी आणि जागेवर नवे कार्ड करून आईच्या हाती ठेवावे. शिमग्याला कुटुंब परतले की पाड्यावरील बाईंनी ते पाहून आपल्या वहीत नोंद घ्यावी, म्हणजे दुसरा डोस चुकत नाही. तो सोळा महिन्यांनंतर, म्हणजे या मुलाच्या बाबतीत ऑगस्टअखेर येतो. त्या वेळी कुटुंब घरीच असते; मात्र पाड्याच्या वाटेवरच्या ओहोळाला पाणी असते, आणि बाईंना लसीचा डबा खांद्यावर घेऊन पलीकडे जावे लागते.