केसाएवढी भेग आणि बिल्डरला द्यायची लेखी सूचना

नव्या घरात राहायला गेल्यावर दोन-चार वर्षांनी भिंतीवर किंवा बीमवर केसाएवढी बारीक भेग दिसते आणि ती गंभीर आहे का, हा प्रश्न श्रोत्यांच्या पत्रांतून सातत्याने विचारला जातो. त्याचे उत्तर भेगेच्या रुंदीपेक्षा तिची जागा, तिची दिशा आणि तिची वाढ यांवर अधिक अवलंबून असते. वीटकाम आणि काँक्रीटचा बीम जिथे मिळतात तिथली आडवी सरळ भेग बहुधा दोन साहित्यांच्या कमीअधिक आकुंचनामुळे पडते आणि तिचा इमारतीच्या बळाशी संबंध नसतो. परंतु कॉलमजवळ बीमच्या बाजूवर तिरकी जाणारी किंवा आतल्या सळईच्या रेषेने लांबत जाणारी भेग मात्र अभियंत्याने पाहिलीच पाहिजे, कारण पहिली बीमवर पडणाऱ्या कर्तन बलाची आणि दुसरी सळई गंजून फुगल्याची खूण असू शकते.

स्थावर संपदा कायदा, 2016, म्हणजेच ‘रेरा’, याच्या कलम 14 (3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत संरचनेतील किंवा कामाच्या दर्जातील दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिल्यास, त्याने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो, आणि न केल्यास घरमालक भरपाईस पात्र ठरतो. येथे 5 वर्षांत दुरुस्ती पूर्ण व्हावी अशी अट नसून सूचना पोहोचावी अशी अट आहे. म्हणून तोंडी तक्रार किंवा फोन यांवर विसंबणे व्यर्थ होय. सूचना कागदावर, तारखेसह आणि पोचपावतीसह गेली पाहिजे.

समजा, 12 जून 2021 रोजी ताबा मिळालेल्या चौथ्या मजल्यावरील घरात फेब्रुवारी 2026 मध्ये दिवाणखान्याच्या बीमवर, कॉलमपासून वीतभर अंतरावर, तिरकी भेग दिसली. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, लांबी मोजावी आणि पट्टी शेजारी धरून छायाचित्र काढावे. साध्या कागदाची जाडी सुमारे 0.1 मिलिमीटर असते. कागदाच्या तीन पदरांची घडी भेगेत शिरत असेल तर ती 0.3 मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि भारतीय मानक 456 मध्ये कोरड्या, सुरक्षित जागेतील काँक्रीटसाठी हीच साधारण मर्यादा आहे. महिन्याने भेग पेन्सिलच्या रेघेपलीकडे गेलेली आढळली, तर ती जिवंत आहे, म्हणजे तिला कारण ठरणारी हालचाल थांबलेली नाही, असे समजावे. मात्र या निरीक्षणासाठी सूचना लांबवू नये. फेब्रुवारीतच पत्र पाठवावे आणि वाढ दिसल्यास दुसरे पाठवावे, कारण 12 जून 2026 जवळ आला आहे. बीम आणि कॉलम साऱ्या इमारतीचे असल्याने पत्राची प्रत सोसायटीलाही द्यावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाहणी होऊन तिचा लेखी अहवाल हाती येईपर्यंत भेग बुजवू नये. पुट्टी भरू नये, रंग मारू नये, गिलावा स्वतः खरवडू नये. दिवाळी आली की रंगारी बोलवायचा, भेगेवर पुट्टी ओढून घ्यायची आणि पुढच्या पावसाळ्यात तीच भेग पुन्हा दिसली की कायद्याचा आधार शोधायचा, हा प्रकार इतक्या घरांत घडतो की त्याची चीड येते. पाहुण्यांना चार दिवस भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून आपल्याच हाताने आपला पुरावा का मिटवावा? पुट्टीखाली भेगेची लांबी आणि वाढ कळत नाही, आणि भेग मूळची की नंतरच्या फेरबदलामुळे पडलेली, हा वाद बिल्डरला घालता येतो. अनेक करारांत तर काँक्रीटची संरचना वगळून, तापमानातील फरकामुळे भिंतींवर पडणाऱ्या बारीक भेगा दोष मानल्या जाणार नाहीत, असे कलम असते. म्हणून भेग नुसत्या गिलाव्यात आहे की काँक्रीटमध्ये, हे सिद्ध होणे निर्णायक ठरते. ते बिल्डरचा प्रतिनिधी आणि संरचना अभियंता, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे गणित करणारा तज्ज्ञ, यांच्या उपस्थितीत गिलाव्याचा लहानसा तुकडा काढूनच कळते.

पत्रात ताब्याची तारीख, भेगेची नेमकी जागा, मोजमाप, छायाचित्रे आणि संरचना अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल देण्याची मागणी एवढेच असावे, दोषारोप नसावेत. ते स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि करारातील ईमेल पत्त्यावरही पाठवावे. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर महारेराकडे तक्रार करता येते.

पत्रानंतर पाहणीऐवजी पुट्टीचा डबा घेऊन कारागीर दारात आला, तर त्याला विनम्रपणे परत पाठवावे आणि अहवालाशिवाय काम करू दिले जाणार नाही, असे त्याच दिवशी बिल्डरला लेखी कळवावे.